व्हीसीआर नव्या टीव्हीला जोडलाय, पण चित्र मधेच जातंय: बिघाड कुठे आहे ते कसं ओळखायचं

माळ्यावरून व्हीसीआर काढला, कन्व्हर्टर आणला, तिन्ही रंगांच्या पिना जोडल्या, चित्र आलं आणि थोड्या वेळात गेलं. परत आलं, परत गेलं. टीव्ही दुरुस्तीच्या कामात ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. लोक अशा वेळी दुसरा कन्व्हर्टर विकत आणतात, आणि बऱ्याचदा तोही तेच करतो. कारण चित्र जाण्याची जागा चारांपैकी कुठलीही असू शकते: कॅसेट, व्हीसीआर, कन्व्हर्टर किंवा त्याला मिळणारी वीज. यातली कुठली, हे पैसे खर्च न करता घरीच कळू शकतं. चित्र गेल्यावर स्क्रीनवर नेमकं काय दिसतं, तिकडे नीट लक्ष द्यायला हवं.

त्याआधी टीव्हीची मागची बाजू टॉर्च लावून एकदा पूर्ण बघा. आपल्या टीव्हीला फक्त एचडीएमआय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापैकी काहींच्या टीव्हीला हेडफोनसारखं दिसणारं एक बारीक गोल भोक असतं आणि शेजारी ‘एव्ही इन’ असं लिहिलेलं असतं. ते असेल तर कन्व्हर्टरची गरजच नाही. एका टोकाला ३.५ मिमीची चार भागांची पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांची सॉकेटं असलेली केबल त्यात बसते. टीव्हीसोबत आलेली असेल तर तीच वापरा, कारण बाजारातल्या अशा केबलींमध्ये आतल्या तारांचा क्रम सारखा नसतो. चित्राऐवजी स्पीकरमधून गुरगुर ऐकू आली तर क्रम चुकलाय असं समजा आणि तिन्ही पिना आलटून पालटून बघा. तरीही जमलं नाही तर केबलीतली अर्थची तारच वेगळ्या जागी आहे. मग केबल बदलावी लागते.

भोक नसेल तर कन्व्हर्टर लागणारच. व्हीसीआरच्या पिवळ्या पिनेतून अ‍ॅनालॉग चित्र येतं आणि एचडीएमआयला डिजिटल लागतं. मधे ते रूपांतर करणारं सर्किट हवं आणि त्या सर्किटला वीज हवी. म्हणून एका बाजूला तीन पिना आणि दुसऱ्या बाजूला एचडीएमआय असलेली जी नुसती केबल स्वस्तात मिळते, ती या कामाला अजिबात चालत नाही. तिच्या आत सर्किटच नसतं.

कन्व्हर्टरची डबी घेतानाही दिशा तपासून घ्या. जुन्या यंत्रातून नव्या टीव्हीकडे नेणारी आणि उलट, नव्या यंत्रातून जुन्या टीव्हीकडे नेणारी, अशा दोन डब्या दिसायला जवळजवळ सारख्याच असतात. आपल्याला जी हवी तिच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल सॉकेटांच्या बाजूला ‘इनपुट’ आणि एचडीएमआयच्या बाजूला ‘आउटपुट’ असं छापलेलं असतं. डबीवरचं वाचून घ्या, दुकानदाराच्या सांगण्यावर राहू नका. चुकीच्या दिशेची डबी लावली तर दिवा लागतो, पण चित्र कधीच येत नाही. येऊन जातंय याचा अर्थ डबी बरोबर आहे, आता पुढे बघायचं.

चित्र जातं तेव्हा काय दिसतं?

टीव्ही स्वतःहून `No Signal` असं लिहून दाखवतो, की नुसती निळी किंवा काळी स्क्रीन येते? पुढचा सगळा तपास या एका फरकावर ठरतो.

कन्व्हर्टरच्या आत आलेलं चित्र मोजून, साठवून, नव्या मापात टीव्हीकडे पाठवलं जातं. व्हीसीआरकडून काहीच येत नसेल तरी बहुतेक डब्या टीव्हीकडे एक कोरी निळी किंवा काळी स्क्रीन पाठवत राहतात. टीव्हीच्या दृष्टीने सिग्नल चालूच असतो, त्यामुळे तो तक्रार करत नाही. म्हणजे `No Signal` दिसलं तर बिघाड कन्व्हर्टरला मिळणाऱ्या विजेत किंवा कन्व्हर्टर आणि टीव्ही यांच्यामध्ये आहे, आणि कोरी स्क्रीन दिसली तर तो कन्व्हर्टरच्या अलीकडे, व्हीसीआरच्या बाजूला आहे.

खात्री करायची असेल तर व्हीसीआर बंद ठेवा आणि डबीवरचं ७२० आणि १०८० असं लिहिलेलं बटण सरकवा. टीव्हीच्या कोपऱ्यात नवं माप उमटलं तर डबीपासून टीव्हीपर्यंतचा रस्ता ठीक आहे. हे करताना पिवळी पिनही एकदा काढून ठेवा आणि कोरी स्क्रीन कुठल्या रंगाची येते ते लक्षात ठेवा. पुढे याचा उपयोग होणार आहे.

`No Signal` येत असेल तर आधी वीज तपासा. बरेच जण डबीची वायर टीव्हीच्याच यूएसबीमध्ये घालतात. तिथून ५ व्होल्ट मिळतात, पण करंट साधारण अर्ध्या अँपिअरपर्यंतच, आणि वायर बारीक असेल तर डबीपर्यंत पोचताना व्होल्टेजही पडतं. डबी मधेच बंद पडते, पुन्हा चालू होते, आणि आपल्याला वाटतं चित्र येतंय-जातंय. डबीवरचा दिवा मंद होत असेल किंवा चित्र जाताना विझत असेल तर कारण हेच. मोबाईलचा जुना ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. त्याने फरक पडला नाही तर एचडीएमआय केबल बदलून बघा, टीव्हीचं दुसरं पोर्ट वापरून बघा आणि बटण ७२० वर ठेवा. व्हीएचएसच्या चित्रात मुळात जेवढा तपशील असतो तेवढ्याला ७२० पुरून उरतं, १०८० ने काही जास्त दिसत नाही.

कोरी स्क्रीन येत असेल तर

इथे खरी गुंतागुंत आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगतो. मंगळवार पेठेतल्या एका तालमीत नवा टीव्ही बसवला होता. तिथल्या वस्तादांकडे त्यांच्या तरुणपणीच्या, खासबाग मैदानातल्या कुस्तीची कॅसेट होती आणि ती पोरांना दाखवायची होती. व्हीसीपी, म्हणजे रेकॉर्ड न करता फक्त कॅसेट दाखवणारं यंत्र, चांगला, कन्व्हर्टर नवा, चार्जर भिंतीला लावलेला. वस्ताद म्हणाले, “दादा, सलामी दिसती, खडाखडी दिसती, आणि ढाक मारायच्या टायमालाच निळं हुतंय बघा. जुन्या टीव्हीवर तर कधी असं हुईत नव्हतं.”

टीव्ही `No Signal` म्हणत नव्हता, म्हणजे वीज आणि एचडीएमआय दोन्ही बाजूला ठेवता आले. मग पिवळी पिन काढून बघितली. डबीची कोरी स्क्रीन गडद निळी होती, आणि कुस्तीत येणारी निळी स्क्रीन अगदी तीच होती. हे तपासणं गरजेचं असतं, कारण कॅसेटवरचं चित्र कमजोर झालं की बरेच व्हीसीआरही स्वतःची निळी स्क्रीन दाखवतात. त्या निळ्याची छटा वेगळी असेल किंवा तिच्यावर व्हीसीआरची अक्षरं उमटत असतील तर चित्र व्हीसीआरने दाबलंय. त्याच्या मेनूत ही निळी स्क्रीन बंद करायची सोय असेल तर ती बंद करून बघावी. तालमीतलं निळं डबीचं होतं. व्हीसीपी चित्र पाठवत होता, पण डबीला ते पकडता येत नव्हतं.

आता हा दोष डबीचा की समोरून येणाऱ्या सिग्नलचा? डबीला व्हीसीपीऐवजी डीव्हीडी प्लेअर जोडला. एक अख्खी डिस्क अडथळ्याशिवाय चालली. डबी सुटली. मग व्हीसीपीमध्ये दुसरी कॅसेट घातली, तीही ठीक चालली. म्हणजे टेप वाचणारे हेड आणि व्हीसीपीही सुटले. उरली ती एकच कॅसेट, आणि तिच्यातलीही एकच जागा.

“वस्ताद, त्या डावाला कॅसेट थांबवून बघायचा काय?”

“तर! पोरांना डाव दाखवायचा म्हटल्यावर थांबवायलाच लागतंय की.”

कारण तिथेच कळलं. आपल्याकडे चालणाऱ्या पॅल पद्धतीच्या व्हीसीआरमधला ड्रम सेकंदाला २५ फेरे मारतो आणि त्यावर समोरासमोर दोन हेड असतात. ‘पॉज’ दाबल्यावर टेप थांबते, ड्रम मात्र फिरतच राहतो. त्यामुळे टेपच्या त्याच इवल्याशा तुकड्यावरून सेकंदाला ५० वेळा हेड घासत जातो. म्हणूनच बहुतेक व्हीसीआर काही मिनिटांनी पॉज आपोआप सोडतात. वर्षानुवर्षं एकाच डावावर थांबवून ती टेप तिथे झिजली होती, आणि मागे-पुढे करून थोडी ताणलीही गेली होती.

मग जुन्या टीव्हीवर ती का चालायची? पॅल चित्रात सेकंदाला १५,६२५ आडव्या ओळी येतात आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक सूचना असते: ओळ इथून सुरू. टेप ताणलेली असेल तर या सूचना थोड्या लवकर किंवा उशिरा येतात, झिजलेली असेल तर काही गायबच होतात. नळीच्या टीव्हीला त्याची फारशी अडचण नसायची. तो येईल तशी ओळ काढत जायचा. चित्र वरच्या बाजूला वाकायचं, हलायचं, पट्टे यायचे, पण कुस्ती दिसत राहायची. कन्व्हर्टरला मात्र आधी ओळी मोजून पूर्ण चित्र आपल्या मेमरीत बसवावं लागतं. सूचनांचा ताल चुकला की स्वस्त डबी तिथे चित्रच नाही असं धरते आणि निळी स्क्रीन लावते. फास्ट फॉरवर्ड करताना चित्र दिसत नाही, तेही याच कारणाने. तो बिघाड नाही.

त्या कॅसेटचं काय केलं

पहिल्यांदा कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेली आणि मग सुरुवातीपर्यंत मागे आणली, मधे कुठेही न थांबवता. बरीच वर्षं पडून राहिलेल्या टेपचे वेढे कुठे घट्ट, कुठे सैल झालेले असतात, ते यामुळे सारखे बसतात. एवढ्यानेच बऱ्याच कॅसेट सुधारतात. मग ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या चित्राच्या रेघांवर नेमके जुळवणं. चित्र आपोआप जुळेल म्हणून वाट न बघता, खराब जागेच्या थोडं आधीपासून प्ले करून ट्रॅकिंगचं बटण एकेक पायरी दाबत गेलो. पट्टे कमी झाले आणि निळ्याचा वेळही घटला. पण डावाच्या ऐन क्षणी ते अजून येतच होतं.

उपाय सापडला तो लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे. त्याच्याकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर होता, नुसता प्लेअर नव्हे. व्हीसीपीच्या पिना रेकॉर्डरच्या ‘लाइन इन’मध्ये, रेकॉर्डरच्या ‘आउट’मधून डबीत, डबीतून टीव्हीत अशी जोडणी केली. अशा काही रेकॉर्डरमध्ये आलेलं चित्र आधी पूर्ण साठवलं जातं आणि बाहेर सोडताना ओळींच्या सूचना नव्याने, एका तालात घातल्या जातात. डबीला मग व्हीसीपीचा लंगडता सिग्नल दिसतच नाही. ढाक मारताना चित्रात कचरा दिसला, एक-दोनदा ते क्षणभर गोठलं, पण निळी स्क्रीन आली नाही आणि डाव पूर्ण दिसला.

सगळेच रेकॉर्डर असं करत नाहीत. पॅनासॉनिकचे ईएस१० आणि ईएस१५ हे या गुणासाठी जुन्या टेपांची कामं करणाऱ्यांमध्ये ओळखले जातात. दुसरा कुठला हाती आला तर आधी कॅसेटची खराब जागा लावून प्रत्यक्ष बघा, मगच पैसे द्या. रेकॉर्डर लावलेलाच असतो, तर त्याच वेळी डिस्कवर उतरवूनही घ्या. त्या दिवशी आम्ही तेच केलं. पोरांनी पॉज करायचं ते आता डिस्कवर, टेपवर नाही. विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या कॅसेटी मात्र रेकॉर्डर बऱ्याचदा उतरवू देत नाही, कारण त्यांच्यात नकलेविरुद्धचे स्पंद घातलेले असतात. त्यांच्यामुळे नुसता कन्व्हर्टर लावला तरी कधीकधी चित्र उजळतं-मंदावतं. घरगुती चित्रीकरणात ही अडचण येत नाही.

तुमच्याकडची कॅसेट लग्नाची असेल तर आणखी एक शक्यता असते. शूटिंगवाला मूळ कॅसेट स्वतःकडे ठेवून दोन व्हीसीआर जोडून नकला काढायचा आणि घरी नक्कल द्यायचा. नकलेची नक्कल जितकी पुढची, तितक्या त्या ओळींच्या सूचना कमजोर. पाहुण्यांमध्ये कुणाकडे त्याच लग्नाची दुसरी प्रत असेल तर ती मागवून बघा. कन्व्हर्टर बदलण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडू शकतो.

प्रत्येक कॅसेटला तसंच होत असेल तर

मग बहुधा हेड मळलेत. आपल्याकडच्या पावसाळ्याने कॅसेटींना बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालूच नका. एक बुरशी आलेली कॅसेट घातली तर हेड भरतात आणि नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटींनाही ती लागते. पाऊस लागलेला असताना माळ्यावरून काढलेला व्हीसीआरही लगेच चालू करू नका, एक दिवस कोरड्या खोलीत ठेवा. ओलसर ड्रमला टेप चिकटते आणि चुरगळते.

हेड पुसायचे तर प्लग काढून, झाकण उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला, धागे न सुटणारा मऊ कपडा ड्रमवर स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून हळूहळू फिरवायचा. कपडा वर-खाली कधीही घासू नका. हेडची टोकं अतिशय नाजूक असतात आणि आडव्या दाबाने तुटतात. कान साफ करायच्या काडीचा कापूसही त्यांच्यात अडकतो. हात धजत नसेल तर हे काम जाणकाराकडे द्या.

डीव्हीडी प्लेअरची गोष्ट वेगळी

डीव्हीडी प्लेअरमधून येणाऱ्या ओळी तालातच असतात, त्यामुळे तिथे या कारणाने चित्र येऊन-जाऊन करत नाही. तिथे चित्र येतच नाही, किंवा काळं-पांढरं येतं. काळं-पांढरं येत असेल तर पिवळी पिन प्लेअरच्या हिरव्या सॉकेटात बसलीय का बघा. हिरवा-निळा-लाल हा कंपोनंटचा संच आहे, आणि हिरव्यातून फक्त उजेड-अंधाराची माहिती येते, रंग नाही. पिन जागेवर असेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार `NTSC` वरून `PAL` किंवा `AUTO` करा.

चित्र मुळीच नसेल आणि आवाज येत असेल, तर प्लेअर `PROGRESSIVE` वर अडकलेला असण्याची शक्यता मोठी. त्या सेटिंगवर काही प्लेअरची पिवळी पिन बंद होते. मेनूही दिसत नाही, म्हणून सेटिंग बदलताही येत नाही. अशा वेळी डिस्क बाहेर काढा आणि रिमोटवरचं ‘पी-स्कॅन’ किंवा ‘व्हिडिओ’ असं लिहिलेलं बटण एकेकदा, मधे थोडं थांबून दाबत जा. प्रत्येक दाबाला आउटपुटचा प्रकार बदलतो आणि कुठल्यातरी दाबाला पिवळ्या पिनेतून चित्र येतं.

व्हीसीआरचा आवाज एकाच स्पीकरमधून येत असेल तर बहुधा तो मोनो आहे. त्याच्या एका पिनेचे दोन करणारा छोटा जोड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. तो पांढऱ्या आणि लाल दोन्ही सॉकेटांत घाला.

माणसं आडवी पसरलेली, जाडी दिसतात ते टीव्हीच्या चित्रमापात ४:३ निवडल्यावर सरळ होतं. हे माप प्रत्येक टीव्ही एचडीएमआयवर देत नाही, आणि स्वस्त डबीत तर ती सोयच नसते, त्यामुळे टीव्ही घेताना विचारून ठेवलेलं चांगलं. कॅसेटच्या चित्राच्या अगदी तळाशी जी थरथरती बारीक पट्टी दिसते, ती मात्र दुरुस्त करायला कुणाला पैसे देऊ नका. एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाण्याची ती जागा आहे आणि ती प्रत्येक व्हीएचएस चित्रात असते. नळीचा टीव्ही चित्राच्या कडा थोड्या झाकायचा, म्हणून ती आधी दिसत नव्हती. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ओव्हरस्कॅन चालू केलं, किंवा चित्र किंचित झूम केलं, की ती चौकटीबाहेर जाते.